बँकेने शिक्का मारून चुकीचा आकडा कन्फर्म केला तेव्हा: एका छोट्या कंपनीच्या बँक कन्फर्मेशनची गोष्ट

कंपनीचं नाव सांगत नाही, बँकांचीही नाही. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली प्रायव्हेट लिमिटेड, कास्टिंगचं मशीनिंग करते, दोन डायरेक्टर, टर्नओव्हर सहा कोटींच्या आसपास, पेड-अप कॅपिटल २५ लाख. वर्ष ३१ मार्च २०२४ ला संपलेलं. तेव्हा मी सीएच्या आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात होतो आणि हा ऑडिट जवळजवळ मीच सांभाळत होतो, सर वरून बघायचे.

बँकेचा मामला वरवर सरळ होता. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ८० लाखांची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची, लिमिट आणि मशीनवरचं ४१ लाखांचं टर्म लोन. एका को-ऑपरेटिव्ह बँकेत २० लाखांची एफडी आणि एक नावापुरतं करंट अकाउंट. दोन बँका, दोन पत्रं. मला वाटलं आठवड्यात संपेल, संपायला दोन महिने लागले.

बँक कन्फर्मेशन म्हणजे काय हे ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ष संपलं की ऑडिटर बँकेला विचारतो की या कंपनीची तुमच्याकडे ३१ मार्चला काय काय खाती होती, किती बॅलन्स, किती कर्ज, त्यावर तारण काय, आणि बँक ते उत्तर थेट ऑडिटरला पाठवते. बँक गिऱ्हाइकाची माहिती तिसऱ्याला अशी देत नाही, म्हणून पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कंपनीच्या सहीने जातं आणि त्यात लिहिलेलं असतं की आम्ही परवानगी देतो, उत्तर आमच्या ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवा, काही चार्ज असेल तर आमच्या खात्याला टाका. म्हणजे पत्र कंपनीचं, पण पोस्टात टाकायचं ऑडिटरने आणि उत्तरही यायचं ऑडिटरकडे, मध्ये कंपनीचा हात नको. ऑडिटचं एसए ५०५ हे स्टँडर्ड वाचलं तर त्याचा निम्मा जीव या एकाच गोष्टीत आहे.

पहिलं पत्र ८ एप्रिलला गेलं आणि दहा दिवसांत परत आलं. कारण? खातं दोघा डायरेक्टरांच्या जॉइंट सहीवर चालतं आणि पत्रावर फक्त धाकट्या साहेबांची सही. बँकेची चूक नाही, माझी होती, मी ऑपरेटिंग मॅंडेट बघितलंच नव्हतं. आता मी पत्र टाईप करायच्या आधी चेकबुक मागतो, चेकवर किती सह्या आहेत ते दिसतं.

दुसऱ्यांदा २२ एप्रिलला दोन्ही सह्या घेऊन पाठवलं. आता हे पत्र कसं होतं ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या ऑफिसात दोन नमुने होते. एकात कंपनीच्या बुकातला बॅलन्स आधीच भरलेला, बँकेने फक्त "बरोबर आहे" म्हणून सही करायची. दुसऱ्यात आकड्याच्या जागा रिकाम्या, बँकेने सिस्टीममधून बघून भरायच्या. सरांचा हुकूम होता की बँकेला नेहमी रिकामा जाणार. कस्टमरला वगैरे भरलेला चालतो, त्यांना त्यांचं लेजर शोधून आकडा लिहायचा कंटाळा असतो आणि रिकामा पाठवला तर उत्तरच येत नाही, पण बँकेच्या माणसासमोर स्क्रीन असते, त्याला बघून लिहायला काय जातंय. मला तेव्हा हे सरांचं उगाच जुनं खूळ वाटायचं.

मग मे उजाडला. ७ मे ला कोल्हापूरचं लोकसभेचं मतदान, त्यामुळे ब्रँचमधली निम्मी माणसं इलेक्शन ड्युटीला, फोन केला की "पुढच्या आठवड्यात बघू". त्यातच एक दिवस कंपनीचे अकाउंटंट काका आमच्या ऑफिसात आले, हसत हसत, हातात लिफाफा. म्हणाले, "तुम्ही किती दिवस वाट बघणार, मीच जाऊन करून आणलं. मॅनेजर साहेब ओळखीचे आहेत आपल्या."

लिफाफ्यात पत्र होतं, बँकेचा गोल शिक्का, ऑफिसरची सही, "कन्फर्म्ड" असं पेनाने लिहिलेलं. मी खूश, फाईलला लावायला निघालो. सरांनी हातात घेतलं आणि विचारलं, "हे आपलं पत्र आहे का?"

नव्हतं. काकांनी ते नव्याने टाईप केलं होतं. बँकेला सोपं जावं म्हणून आकडे आधीच भरून दिलेले, आणि आपल्या नमुन्यातले एफडी, गॅरंटी, तारण, वर्षभरात बंद झालेली खाती असे सगळे प्रश्न गाळून नुसते दोन आकडे ठेवलेले, सीसी आणि टर्म लोन. सीसीचा आकडा ७३,९८,५०३. मी टॅलीत, म्हणजे कंपनीच्या बुकात, बघितलं, पैशाला पैसा जुळत होता. आणि गडबड तिथंच होती.

टॅलीतला बॅलन्स आणि बँकेचा बॅलन्स ३१ मार्चला कधीच सारखा नसतो, निदान ज्या कंपनीत रोज चेक कटतात तिथे तरी नाही. मार्चच्या शेवटी काढलेले चेक एप्रिलमध्ये पास होतात, बँक महिन्याचं व्याज ३१ तारखेला टाकते आणि ते आपल्या बुकात नंतर येतं. आमच्याकडे कंपनीने दिलेलं बँक स्टेटमेंट होतं, त्यात ३१ मार्चचा सीसी बॅलन्स ६८,४२,३१५ होता. म्हणजे बँकेच्या स्वतःच्या स्टेटमेंटमध्ये ६८ लाख ४२ हजार, आणि त्याच बँकेच्या ऑफिसरने शिक्का मारून कन्फर्म केले ७३ लाख ९८ हजार! साडेपाच लाखांचा फरक. त्या माणसाने स्क्रीनकडे बघितलंच नव्हतं, ओळखीचा माणूस समोर उभा, मारला शिक्का. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, काकांचा तर मुळीच नाही, त्यांना खरंच मदत करायची होती.

पण त्या दिवशी मला रिकाम्या जागांचं खूळ कळलं. सर एवढंच म्हणाले, "सत्यम आठव." ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सचे चेअरमन रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की बुकात दाखवलेल्या कॅश आणि बँक बॅलन्सपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तिथे ऑडिटरकडे कन्फर्मेशन नव्हती असं नाही, कागद होते, पण ते मागवण्याची आणि गोळा करण्याची प्रक्रिया ऑडिटरच्या स्वतःच्या ताब्यात नव्हती. २०११ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक एसईसीने सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाऊसच्या भारतातल्या फर्म्सवर कारवाई केली तेव्हा मुख्य ठपका यावरच होता. आमच्या कंपनीचं त्यापुढे काय, चिमणीएवढं प्रकरण, पण कागद ज्या वाटेने आला ती वाट तीच.

काकांचं पत्र आम्ही फाडलं नाही, फाईलला लावलं आणि वर शेरा मारला की क्लायंटमार्फत आलंय, पुरावा म्हणून धरलेलं नाही. मग ब्रँचचा ईमेल आयडी बँकेच्या वेबसाईटवरून काढला (काकांनी दिलेला नव्हे, त्यांनी दिलेला कुणाचातरी जीमेल होता), आमच्या रिकाम्या जागांच्या पत्राचा स्कॅन त्यावर पाठवला, मूळ कॉपी स्पीड पोस्टाने, पावती फाईलला. आणि मी स्वतः ब्रँचमध्ये जाऊन लोन डेस्कच्या मॅडमना भेटलो. त्यांनी समोर बसवून फॉर्म भरला, प्रिंट घेतली, पण हातात दिली नाही, म्हणाल्या "तुमच्या ऑफिसच्या मेलवर बँकेच्या आयडीवरून पाठवते". मला तेव्हा त्यांना नमस्कार करावासा वाटला. संध्याकाळी मेल आला. सीसी ६८,४२,३१५, टर्म लोन बुकाशी जुळलं, आणि एक ओळ जास्तीची, साडेचार लाखांची एक बँक गॅरंटी, मुदत संपलेली पण मूळ कागद परत न आल्यामुळे बँकेच्या रजिस्टरला अजून उभी. बुकात तिचा पत्ता नव्हता, बॅलन्स शीटच्या नोटमध्ये घेतली.

आता फरक जुळवायचा. बुकात ७३,९८,५०३ देणं. मार्चचं व्याज ५६,२१२ बँकेने ३१ ला टाकलेलं, बुकात नव्हतं, ते घेतल्यावर बुकात ७४,५४,७१५. बँकेकडे ६८,४२,३१५. उरला फरक ६,१२,४०० आणि काकांच्या रिकन्सिलिएशनमध्ये बरोबर तेवढेच चेक "काढले पण पास झाले नाहीत" म्हणून होते, चार चेक. गणित बसलं की आर्टिकल लोक इथंच थांबतात, मीही थांबलो असतो, पण पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडून ते चेक खरंच पास झाले का बघायचंच असतं. त्या वर्षी ३१ मार्च रविवार होता आणि १ एप्रिलला बँका क्लोजिंगसाठी बंद, त्यामुळे २ तारखेच्या आधी काही पास होणं अवघडच. तीन चेक ३ ते १० एप्रिलमध्ये गेले. चौथा, दीड लाखाचा, मे च्या मध्यापर्यंत नाही.

काकांना विचारलं तर म्हणाले, "पार्टीनं टाकला नसेल अजून." दीड लाखाचा चेक दीड महिना कोण खिशात ठेवतो? पार्टी म्हणजे शेजारच्याच गाळ्यातला जॉबवर्कवाला, त्याला तर दर शनिवारी पगार वाटायला पैसे लागतात. मी नुसता उभा राहिलो, काही बोललो नाही. काकांनी ड्रॉवर उघडला, व्हाउचरला स्टेपल केलेला चेक बाहेर काढला, तारीख ३० मार्च, दोन्ही सह्या, कोरा करकरीत.

यामागचं कारण होतं १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ४३बी(एच). सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु सप्लायरचं बिल ठरलेल्या मुदतीत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. हे त्याच वर्षापासून पहिल्यांदा लागू झालेलं, त्यामुळे मार्चअखेर सगळीकडे चेक काढायची धांदल उडालेली. त्या जॉबवर्कवाल्याचं बिल डिसेंबरचं, मुदत उलटून गेलेली, पण ३१ मार्चच्या आत दिलं असं दाखवलं तर खर्च याच वर्षी मिळतो. म्हणून चेक काढला, पण सीसीत हात आखडता होता म्हणून दिला नाही. दिलाच नाही तर पेमेंट कसलं. एंट्री उलटवली, दीड लाख पुन्हा क्रेडिटरमध्ये, सीसी बुकात ७३,०४,७१५ आणि बँकेशी फरक ४,६२,४००, तीन चेक, संपलं. टॅक्सच्या गणितात त्या दीड लाखाचा खर्च त्या वर्षी नामंजूर.

एवढं झाल्यावर को-ऑपरेटिव्ह बँकेचं पत्र मी जवळजवळ विसरलोच होतो. तिथे काय, एक एफडी. काका म्हणाले "रिसीट आहे की फाईलला, त्याला कशाला कन्फर्मेशन". फाईलला रिसीट होती खरी, पण कलर झेरॉक्स. मूळ कुठंय विचारलं तर "मोठ्या साहेबांच्या घरच्या लॉकरमध्ये". बरं म्हटलं. एफडी आहे याची खात्री तशीही होती, २६ एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याच्या टीडीएसच्या उताऱ्यात, त्या बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस दिसत होता आणि व्याजाचा आकडा २० लाखांच्या मुद्दलाशी बसत होता. नवीन मुलांना मी आवर्जून सांगतो की २६ एएस आधी बघा, बुकात नसलेली एखादी बँक तिथं डोकं वर काढते. पण २६ एएस एवढंच सांगतं की पैसा आहे. तो पैसा कुणाकडे बांधलेला आहे का हे सांगत नाही.

ते सांगितलं बँकेच्या उत्तराने, मे च्या शेवटच्या आठवड्यात. आमच्याच नमुन्यातल्या सातव्या प्रश्नापुढे, "ठेवीवर लियन आहे काय", म्हणजे ठेव कर्जापोटी अडकवलेली आहे काय, हाताने लिहिलेलं: होय, १८,००,०००, त्रयस्थ कर्ज खात्यापोटी.

त्रयस्थ म्हणजे कोण, हे बँकेने लिहिलं नव्हतं, दुसऱ्या कर्जदाराची माहिती ते आम्हाला देणार नाहीत आणि द्यायलाही नको. मग कंपनीला लेखी विचारलं. दोन दिवस शांतता, मग मोठे साहेब स्वतः आले. त्यांच्या भावाचा ट्रेडिंगचा धंदा आहे, प्रोप्रायटरी, त्याला डिसेंबरमध्ये ओव्हरड्राफ्ट हवा होता, बँक म्हणाली तारण द्या, कंपनीची एफडी पडून होती, दिली. "घरातल्या घरात तर आहे, आणि पैसे कुठं गेलेत, एफडी तर तशीच आहे ना?" मूळ रिसीट मागे सही करून बँकेकडे होती, लॉकर वगैरे काही नाही. लियन असलेल्या एफडीची मूळ रिसीट बँकेकडेच असते, ऑडिटमध्ये फक्त झेरॉक्स दिसली की मला तेव्हापासून खटकतं.

बँकेने तारण घेताना बोर्ड रिझोल्यूशन घेतलं होतं, ते त्यांनी दाखवलं, ११ डिसेंबर २०२३ चं. कंपनीच्या मिनिट बुकात त्या तारखेची मीटिंगच नव्हती.

साहेबांना हे पटवणं अवघड गेलं, कारण त्यांच्या दृष्टीने कंपनीही त्यांची, भाऊही त्यांचा. पण कंपनी कायद्याचं कलम १८५ डायरेक्टरच्या नातेवाइकाच्या कर्जासाठी कंपनीने तारण द्यायला मनाई करतं, आणि नातेवाइकांच्या यादीत भाऊ आहे. प्रायव्हेट कंपनीला यातून सूट आहे, ५ जून २०१५ च्या नोटिफिकेशनने, आणि बरेच जण तेवढंच वाचून सुटकेचा श्वास सोडतात. सूट अटींवर आहे. कंपनीत दुसऱ्या कंपनीचे पैसे नकोत, कर्जफेडीत थकबाकी नको, आणि बँकांकडून घेतलेलं कर्ज पेड-अप कॅपिटलच्या दुप्पट किंवा ५० कोटी यात जे कमी असेल त्याहून कमी हवं. इथे कॅपिटल २५ लाख, दुप्पट ५० लाख, आणि सीसी अधिक टर्म लोन एक कोटीच्या वर. डिसेंबरमध्येही चित्र तेच होतं. सूट नाही.

मग हे रिपोर्टात कुठं लिहायचं? माझ्या डोक्यात लगेच कारो आलं, म्हणजे ऑडिट रिपोर्टात कशाकशावर लिहायचं याचा सरकारी आदेश, त्यात कलम १८५ साठी वेगळा मुद्दाच आहे. सरांनी थांबवलं. कंपनी कायद्यातल्या तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे ही स्मॉल कंपनी होती, कॅपिटल चार कोटींच्या आत, टर्नओव्हर चाळीसच्या आत, आणि स्मॉल कंपनीला कारो २०२० लागूच नाही, मग तिचं कर्ज एक कोटीच्या वर का असेना. म्हणजे तयार चौकट नाही. पण चौकट नाही म्हणून गोष्ट नाहीशी होत नाही. बोर्डाला लेखी कळवलं. एफडी बॅलन्स शीटमध्ये मोकळ्या बॅलन्ससोबत न ठेवता "तारण म्हणून ठेवलेली" असं वेगळं दाखवायला लावलं, कंपनी कायद्याचं शेड्यूल तीनच तसं सांगतं. रिलेटेड पार्टीच्या नोटमध्ये भावाचा व्यवहार आला. १८ लाख कंटिंजंट लायबिलिटीत, म्हणजे पुढे अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यात, गेले, आणि प्रोव्हिजन म्हणजे नुकसानीची तरतूद लागते का हे ठरवायला भावाच्या ओव्हरड्राफ्टचं स्टेटमेंट साहेबांकडून मागून बघितलं, व्याज वेळेवर भरलं जात होतं, म्हणून प्रोव्हिजन नाही. कलम १८५ चा भंग आणि त्याला कंपनीला पाच ते पंचवीस लाख दंड होऊ शकतो हे नोटमध्ये स्पष्ट लिहिलं आणि आमच्या रिपोर्टात एम्फसिस पॅराने त्या नोटकडे बोट दाखवलं. या पॅरावरून साहेब आणि सरांची आमच्या केबिनमध्ये तासभर झाली, चहा दोनदा गार झाला. ऑडिटर बदलायची भाषाही निघाली. मी बाहेर बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करतोय असं दाखवत होतो.

साहेबांनी जुलैमध्ये भावाला दुसरं तारण द्यायला लावलं आणि लियन काढून घेतलं. मग म्हणाले आता तर निघालं, आता नोट काढा. नोट निघाली नाही, ३१ मार्चला लियन होतं ते होतंच, फक्त खाली एक ओळ वाढली की नंतर जुलैमध्ये मुक्त झालं. ती ओळ लिहायच्या आधी को-ऑपरेटिव्ह बँकेला पुन्हा एक पत्र गेलं, दोन्ही सह्यांचं, आकड्याच्या जागा रिकाम्या, आणि उत्तर बँकेच्या मेलवरून आमच्याकडे आल्यावरच सप्टेंबरमध्ये बॅलन्स शीटवर सही झाली.